मदत हवी आहे: वर्षभराच्या नियोजनात कायम चालणारे लेख किती आणि ताज्या बातम्या किती?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. मी आणि माझा धाकटा भाऊ कोल्हापूरवर मराठीत ब्लॉग लिहितो. पन्हाळा-जोतिबा, अंबाबाईचं देऊळ, खाणं, पूर, ऊसदर असे विषय असतात. दोघंही नोकरी सांभाळून करतो, त्यामुळे महिन्याला आठच्या वर लेख होत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला. त्या रात्री टाकलेली पोस्ट दोन दिवस धो धो चालली आणि मग ठप्प झाली. उलट 'पावसाळ्यात पन्हाळा कसा पाहावा' हा साधा लेख वर्षभर रोज थोडीथोडी माणसं आणतो. भावाला आता सगळं ताज्या घडामोडींवर हवंय, मला कायमच्या लेखांवर. कुणी सत्तर-तीस सांगतं, कुणी ऐंशी-वीस. आणि दरवर्षी येणारे विषय, म्हणजे अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव, जोतिबाची चैत्र यात्रा, पंचगंगेचं पाणी, हे कोणत्या खात्यात धरायचे? किरणोत्सवावर आमच्याकडे प्रत्येक वर्षाची वेगळी पोस्ट आहे.

तांबडापांढरा:
ताई, बातमीचा नाद सोडा. मोठ्या वर्तमानपत्रांच्या साइटी पाच मिनिटांत टाकतात, तिथं दोघं कुठं पुरणार? कायमचे लेख एकदा लिहिले की झालं, पुन्हा बघायला लागत नाही.

घाटमाथा:
पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. कायमचा लेख लिहून विसरला की दोन वर्षांत त्यातली वेळ, भाडं, रस्ता, सगळं शिळं होतं. वाचक परत जातो आणि गूगललाही ते कळतं. दुरुस्तीचं काम नियोजनात धरलंच पाहिजे.

ताई, वाटणी ठरवण्याआधी ती युनेस्कोची गर्दी कुठून आली ते बघा. सर्च कन्सोलमध्ये Search results आणि Discover हे दोन वेगळे अहवाल असतात. गर्दी Discover मधून आली असेल तर ती मोबाइलवर समोर आली म्हणून आलेली माणसं होती. ती शोधत नव्हती, त्यामुळे परत येतील असं धरू नका. Search results मधून आली असेल तर कोणत्या शब्दांनी आली ते पाहा. 'पन्हाळा युनेस्को' अजून कुणी शोधत असेल, तर त्या बातमीतला मजकूर तुमच्या पावसाळी पन्हाळ्याच्या लेखात एक परिच्छेद म्हणून घाला आणि बातमीतून तिकडे दुवा द्या. हे बघताना एक लक्षात ठेवा: सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती ठेवतं. गेल्या आणि यंदाच्या किरणोत्सवाची तुलना करायची तर आकडे वेळेवर उतरवून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न. दरवर्षी येणारे विषय हे तिसरंच खातं, आणि तुमच्यासारख्या लहान ब्लॉगला सगळ्यात फायद्याचं. किरणोत्सवाच्या पोस्टी एकमेकींच्याच पायात पाय घालतायत. कुणी 'किरणोत्सव' शोधलं की गूगलपुढे तुमचीच चार पानं, त्यातली तीन जुनी. वर्ष नसलेला एकच पत्ता ठेवा, /kirnotsav/ असा, आणि /kirnotsav-2023/ वगैरे जुने सगळे पत्ते ३०१ ने तिकडे वळवा. जुन्या पोस्टींतला मजकूर फेकू नका. कोणत्या वर्षी किरणं चरणांपर्यंत आली, कधी मुखापर्यंत पोचली, कधी ढगांनी घात केला, याचा तक्ता करून त्याच पानावर लावा. तो तक्ता मोठ्या साइटींकडे नसतो.

पानाचा बाकी भाग दरवर्षी तोच राहतो: ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या ठरलेल्या तारखा, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात कशी येतात, महाद्वार रोडच्या बांधकामांचा आणि हवेतल्या बाष्पाचा अडथळा कसा होतो. हे पान ऑक्टोबरात आणि पुन्हा जानेवारीच्या सुरुवातीला दुरुस्त करायचं. सोहळ्याच्या आदल्या दिवशी हात लावून उपयोग नाही, शोध आधीच वाढलेला असतो. आणि मजकूर तसाच ठेवून नुसती तारीख बदलू नका.

मिरजेचा_बाळू:
माझा रेसिपींचा ब्लॉग आहे. दिवाळीत जाहिरातींचे पैसे बरे येतात, जानेवारीत एकदम पडतात. तुमच्या किरणोत्सवाच्या पानावर जाहिरात किती लावता?

रंकाळाकाठ:
बाळूदादा, जाहिराती अजून लावल्याच नाहीत. घाटमाथा, तिसरं खातं पटलं. पण वर्षाचा हिशेब आठाच्या मापात कसा बसवू?

घाटमाथा:
वर्षाला ९६ जागा धरा. आधी वर्षाचा कागद घेऊन परत येणारे विषय त्यांच्या महिन्यांवर लिहा: किरणोत्सव दोनदा, चैत्र यात्रा, नवरात्र, पूर, ऊस परिषद. चैत्र यात्रेची तारीख तिथीवर असते, तिथे पंचांग बघा. दुरुस्त्या धरून साधारण १४ जागा जातील. जुना एक लेख दर महिन्याला धुऊन-पुसून घ्यायच्या १२. ताज्या घडामोडींसाठी महिन्याला दोन जागा रिकाम्या सोडा, म्हणजे २४. उरल्या ४६, त्या नव्या कायमच्या लेखांच्या. बातमीची जागा एखाद्या महिन्यात वापरली गेली नाही तर तिथे टाकायला दोन तयार लेख हाताशी ठेवा.

हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, सहा महिन्यांनी तुमचे तुम्हीच बदलाल. खरी चाळणी वेगळी. बातमी लिहायच्या आधी भावाला दोन गोष्टी विचारा: ती ज्याला जोडता येईल असं आपलं कायमचं पान आहे का? आणि वर्तमानपत्रात नसलेलं काही आपल्याकडे आहे का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर ती जागा वाया गेली.

जुना_बातमीदार:
बाकी ठीक, पण पुराच्या दिवसांत ही चाळणी चालणार नाही. २०१९ आणि २०२१ ला लोक तासातासाला राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या पोरालाही पाठ आहे. अशा वेळी तुम्ही दोन जागा मोजत बसणार?

आणि धोकाही सांगतो. गेल्या वर्षीची 'पाणी ४१ फुटांवर' अशी पोस्ट यंदा गूगलमध्ये वर आली, तर कुणीतरी घाबरून सामान हलवेल. पातळीची पोस्ट असेल तर मथळ्यातच तारीख आणि वेळ हवी.

घाटमाथा:
तारखेचं शंभर टक्के मान्य. पण नोकरी करणाऱ्या दोघांनी तासाची पातळी टाकूच नये असं माझं मत. झोपेच्या वेळेत आकडा चार तास जुना झाला की तो चुकीचाच. त्याऐवजी कोणत्या पातळीला कोणता रस्ता बंद होतो याचं कायमचं पान करा आणि ताज्या आकड्यासाठी जिल्हा प्रशासनाकडे दुवा द्या.

जुना_बातमीदार:
मग त्या आठवड्यात वाचक तुमच्याकडे येणारच कशाला? दिवसातून दोन ठरलेल्या वेळा, सकाळी आठ आणि रात्री आठ, एवढं तर जमेल की.

रंकाळाकाठ:
भाऊ बातमीदार साहेबांच्या बाजूला, मी घाटमाथांच्या. रस्त्यांचं पान मात्र मे महिन्याच्या आत करायचं यावर आमचं एकमत झालं. किरणोत्सवाचे पत्ते या रविवारी वळवते. एकच अडचण: सगळ्यात जास्त दुवे २०२२ च्या पोस्टला मिळालेत. तोच पत्ता ठेवून बाकीच्या तिकडे वळवू, की वर्ष नसलेला नवा पत्ताच करू?

घाटमाथा:
नवाच करा. ३०१ मधून दुव्यांचं वजन बरंचसं पुढे जातं, आणि पत्त्यात २०२२ दिसलं की वाचक जुनं समजून पुढे जातो. थोडे आठवडे क्रमांक हलेल. म्हणून नोव्हेंबरच्या तोंडावर नको, आत्ताच करा.