ठेलेवाल्याची नोटीस सोपी करायची म्हणजे नेमके काय करायचे?

स्नेहलतागंजकर

अन्नसुरक्षेची नोटीस ठेलेवाल्यांसाठी सोप्या भाषेत लिहून काढण्याचा उद्योग आपल्यापैकी कोणीतरी सुरू केल्याचे कळले. माझ्या मते हे श्रम वाया जाणार आहेत. काय करायचे ते ठेलेवाल्याला नीट कळते, त्याला ते करायचे नसते एवढेच. शिवाय कायद्याची भाषा सैल केली की पळवाटा निघतात, आणि तपासणीची तारीख आधी सांगितली की त्या एका दिवशी सगळे चकाचक आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गराडूवाल्यांचा भाचा

हा उद्योग मीच करतो आहे, त्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे.

माझे मामा हिवाळ्यात इंदुरात राजवाड्याच्या बाजूला गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, ठेला लावतात. गेल्या डिसेंबरात त्यांना नोटीस आली. तिच्यातले मुख्य वाक्य असे होते: ‘निरीक्षण में पाई गई अस्वच्छता एवं अनुसूची-4 के उल्लंघन के दृष्टिगत निर्धारित समयावधि में अनुपालन सुनिश्चित करते हुए पालन प्रतिवेदन प्रस्तुत किया जावे, अन्यथा की स्थिति में वैधानिक कार्यवाही की जावेगी।’ मामांची सारी हयात इंदुरात गेली, हिंदी ते आपल्यापेक्षा चांगले बोलतात. तरी त्या रात्री ठेला बंद करून ते कागद घेऊन माझ्याकडे आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: “ह्यात मला करायला काय सांगितलंय?” मी तीनदा वाचले आणि मला सांगता आले नाही, कारण त्या कागदात ते लिहिलेलेच नव्हते.

शेजारच्या ठेल्यावरचे म्हणाले की टोपी आणि हातमोज्यांचे असेल. मामांनी दोन टोप्या, मोज्यांचे खोके आणि नवा अॅप्रन आणला. पुन्हा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी टोपीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी बोट दाखवले ते पाण्याच्या निळ्या ड्रमकडे. त्यावर झाकण नव्हते, आणि मामांचा पोऱ्या गिऱ्हाइकाला पाणी देताना लोटा मनगटापर्यंत हात बुडवून भरत होता. दुसरे बोट कचऱ्याच्या डब्याकडे होते, जो लिंबे कापायच्या पाटाला टेकून उघडाच ठेवलेला होता. नळ बसवलेला झाकणाचा ड्रम आणि झाकणाचा डबा या दोन वस्तू मामांनी पहिल्याच दिवशी आणल्या असत्या. ज्या माणसाने पदरचे पैसे घालून चुकीची दुरुस्ती केली, त्याला ‘करायचे नसते’ असे तुम्ही कसे म्हणू शकता?

तारखेचे तर त्याहून वाईट. नोटिशीवर सही 3 डिसेंबरची, मुदत ‘14 दिवस’, आणि कागद मामांच्या हातात पडला 11 तारखेला. कार्यालयाने दिवस सहीपासून मोजले, म्हणजे 17 तारीख आली. मामांनी हातात पडल्यापासून मोजले, म्हणजे 25. तपासणी 18 ला झाली आणि मामा ‘मुदत संपूनही दुरुस्ती न करणारे’ ठरले. म्हणून माझ्या मसुद्यात ‘इतके दिवस’ असे कुठेही नाही, तारीखच आहे. तो मुळात हिंदीत आहे, येथे मराठीत देतो:

‘2 डिसेंबरच्या रात्री तुमच्या ठेल्यावर दोन दोष आढळले. एक, पिण्याच्या पाण्याचा ड्रम उघडा होता आणि त्यात हात बुडत होता. नळ व झाकण असलेला ड्रम ठेवा. दोन, कचऱ्याचा डबा उघडा होता आणि कापलेल्या लिंबांना लागून होता. झाकणाचा डबा आणा व तो खाण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवा. ही नोटीस तुम्हाला 11 डिसेंबरला मिळाली. दोन्ही कामे 25 डिसेंबरपर्यंत करा. त्यानंतर आम्ही पुन्हा पाहायला येऊ.’

निवृत्त निरीक्षक

मी दुसऱ्या जिल्ह्यात या खात्यात नोकरी केली आहे, आणि असे कागद मीही तयार केले आहेत, हे आधीच सांगतो.

स्नेहलतागंजकर, पळवाटेची तुमची भीती उलट्या जागी आहे. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सुधारणा नोटिशीत चार गोष्टी असाव्याच लागतात: दोष आहे असे मानण्याचे कारण, नेमका दोष कोणता, कोणते उपाय करायचे, आणि त्यासाठीची मुदत, जी 14 दिवसांपेक्षा कमी असता कामा नये. भाच्याने दाखवलेल्या वाक्यात यांतल्या मधल्या दोन गोष्टी नाहीतच. अपिलात टिकणार नाही असा कागद तो मोघम कागद आहे, सोपा कागद नव्हे.

पण भाऊ, तुमच्या मसुद्यातही एक गोष्ट सांडली आहे, आणि ती महत्त्वाची आहे. कायदा म्हणतो की सांगितलेला उपाय करा, किंवा निदान त्याच्या तोडीचा दुसरा. तुम्ही ‘नळ व झाकण असलेला ड्रम ठेवा’ एवढेच लिहिलेत, म्हणजे ज्याने ड्रम काढून टाकून सीलबंद जार आणि त्याचा पंप ठेवला, तो अधिकाऱ्याच्या लेखी नापास होईल. भाषा सोपी करताना हा ‘किंवा’ नेहमी पहिल्यांदा गळतो, कारण त्याने वाक्य लांबते. तेथे लिहा: ‘किंवा पाण्यात हात जाणार नाही अशी दुसरी सोय करा.’

दुसरे, अपिलाची ओळ मसुद्यात नाही. नोटीस मान्य नसेल तर अन्नसुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येते. त्याला नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस असतात, पण नोटिशीतली मुदत त्याआधी संपत असेल तर अपिलाची मुदतही तेव्हाच संपते. म्हणजे तुमच्या मामांना 26 नव्हे, 25 डिसेंबरच. ही तारीखही मोजून कागदावर घाला, ठेलेवाल्याला मोजायला लावू नका.

लोकमान्यनगरची ताई

सगळे ठेलेवाल्याच्याच बाजूने बोलत आहेत म्हणून मी लिहिते. माझ्या मुलाला दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर कावीळ झाली, आणि त्याआधी तो रोज एकाच गाडीवर पाणीपुरी खात होता. त्या गाडीवरचा माठ मी डोळ्यांनी पाहिला आहे. भाच्याच्या मसुद्यात दोनच दोष आहेत हे मला पटत नाही. वर्तमानपत्रात खाणे बांधून देणे बंद आहे, बर्फ पिण्याच्या पाण्याचा हवा, तेल पुन्हा पुन्हा वापरायचे नाही, हे सगळे प्रत्येक नोटिशीत असायला हवे. आणि तारीख तर मुळीच सांगू नये. अधिकारी अचानक यायला हवेत, तरच खरे काय ते दिसेल.

निवृत्त निरीक्षक

ताई, वर्तमानपत्राबद्दल तुम्ही अगदी बरोबर आहात, 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी ते बंद केले आहे. पण मामांच्या ठेल्यावर ते आढळलेच नसेल तर त्यांच्या नोटिशीत ते कशाला? सगळे नियम एका कागदावर कोंबले की ठेलेवाला पुन्हा टोप्याच आणणार. सामान्य सूचनांचा वेगळा छापील कागद द्यावा, आणि नोटिशीत त्या रात्री जे दिसले तेवढेच लिहावे.

तेलाचे मात्र अवघड आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे वाढत जातात, आणि नियमातली मर्यादा एकूण ध्रुवीय संयुगे 25 टक्के अशी आहे. ती मोजायचे यंत्र अधिकाऱ्याजवळ असते, कढईजवळ बसलेल्या माणसाजवळ नसते. ‘तेल वारंवार वापरू नका’ या वाक्याने त्याला काहीच कळत नाही, कारण गराडू तळणारा दिवसभर त्याच कढईत तळणार. मी असतो तर यंत्रावर आलेला आकडा लिहिला असता आणि खाली लिहिले असते की तेल काळे व दाट झाले, फेस बसेना किंवा निळसर धूर येऊ लागला की ते काढून टाका, त्यात नवे तेल ओतून पुढे चालवू नका. आकडा कायद्यासाठी आणि खुणा माणसासाठी. तरीही खुणा दिसल्या नाहीत आणि आकडा 25 च्या वर गेला, असे होऊ शकते. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

नंदानगरचा चहावाला

तुम्ही ड्रम आणि तेल घेऊन बसला आहात. माझा ठेला गेल्या उन्हाळ्यात उचलून नेला, तेव्हा कोणती नोटीस होती आणि कोणती तारीख होती? चार दिवस चकरा मारल्या तेव्हा शेगडी परत मिळाली, दुधाचे पातेले मिळालेच नाही. आता अन्नाची नोटीस सोपी झाली म्हणून माझे पातेले परत येणार आहे का?

गराडूवाल्यांचा भाचा

दादा, तुमचे नुकसान झाले याचे मला वाईट वाटते, पण ते अतिक्रमणाचे काम आहे. त्याचे कार्यालय वेगळे आणि कायदाही वेगळा, 2014 चा पथविक्रेत्यांचा. माझा मसुदा तेथे उपयोगी पडणार नाही.

नंदानगरचा चहावाला

हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत नव्हते. खाकी लिफाफा आला की ठेला जाणार एवढेच आम्हाला कळते. माझ्या शेजाऱ्याने अन्नाची नोटीस आल्यावर घाबरून आठ दिवस ठेलाच लावला नाही.

निवृत्त निरीक्षक

मग ही ओळ सर्वांत वर हवी, आणि ती आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती: ‘ही नोटीस खाण्याच्या स्वच्छतेबद्दल आहे. या नोटिशीने तुमचा ठेला बंद होत नाही किंवा उचलला जात नाही.’ त्याखाली, मुदतीत दुरुस्ती केली नाही तर नोंदणी निलंबित होऊ शकते, हेही त्याच अक्षरांत लिहावे. धीर देताना परिणाम लपवू नये.

स्नेहलतागंजकर

मूळ मुद्दा बाजूला पडतो आहे. ताईंचे आणि माझे म्हणणे एकच आहे: तारीख सांगून केलेली तपासणी म्हणजे तपासणीच नव्हे. इतका वेळ त्यावर कोणी सरळ उत्तर दिलेले नाही.

गराडूवाल्यांचा भाचा

सरळ उत्तर देतो. अचानक तपासणी बंद करा असे मी कुठेही म्हटलेले नाही. दोष शोधायला या तेव्हा कोणालाही न सांगता या. पण दोष सापडला, लिहून दिला, आणि तो दूर झाला की नाही एवढेच पाहायचे असेल, तेव्हा लपवायचे काय? झाकणाचा ड्रम कोणी एका दिवसासाठी भाड्याने आणत नाही.

लोकमान्यनगरची ताई

ड्रम आणणार नाही, पण झाकण उघडे टाकून पुन्हा हात बुडवणार, हे मी लिहून देते. वस्तू आणि सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तूसाठी तारीख सांगा, सवयीसाठी सांगू नका.

निवृत्त निरीक्षक

ताईंचा हा भेद मला मान्य आहे आणि तो मसुद्यात यायला हवा. दुरुस्तीची शेवटची तारीख पक्की द्यावी, आणि फेरतपासणीसाठी एक दिवस न देता ‘26 डिसेंबर ते 4 जानेवारी यांपैकी कोणत्याही दिवशी’ असे लिहावे. पण वेळ मात्र लिहावीच लागेल. सराफ्यातले ठेले पेढ्या बंद झाल्यावर लागतात. सकाळी 11 ला गेलेल्या अधिकाऱ्याला तेथे सोन्याचे दुकान दिसते, आणि ‘व्यावसायिक अनुपस्थित’ असा शेरा पडतो. तसा शेरा मी स्वतः मारलेला आहे, आणि त्या माणसाला त्यापायी दोन महिने त्रास झाला. ‘रात्री 8 ते 11 च्या दरम्यान, ठेला चालू असताना’ हे शब्द अधिकाऱ्यालाही बांधून ठेवतात.

स्नेहलतागंजकर

तारखेऐवजी दहा दिवसांचा पट्टा दिला तर माझी हरकत राहत नाही, आणि टोप्यांच्या प्रसंगावरून ‘त्याला नीट कळते’ हे वाक्य मी घाईत लिहिले होते, हेही मान्य करतो. पण तीन तासांची वेळ छापून देणे मला अजूनही पटत नाही. साडेसात वाजता ड्रमवर झाकण ठेवायचे आणि सव्वाअकराला काढायचे, याला माझ्या दृष्टीने सुधारणा म्हणत नाहीत.

गराडूवाल्यांचा भाचा

रात्री 8 ते 11 मध्येच मामांचा सगळा धंदा होतो. त्या तीन तासांत झाकण राहिले, तर गिऱ्हाइकाने प्यायलेल्या प्रत्येक पेल्यावर झाकण राहिले. वरची ओळ, ‘किंवा’ आणि अपिलाची तारीख मी मसुद्यात घातली आहे. वेळेची ओळ मामांना आणि त्यांच्या रांगेतल्या चौघांना वाचून दाखवतो, आणि ते काय म्हणतात ते येथे लिहितो.