मदत हवी आहे: पार्टीचं बॅलन्स कन्फर्मेशन बाहेरचा पुरावा असूनही सर मान्य करत नाहीत

नवाआर्टिकल: नमस्कार. आर्टिकलशिपचं पहिलं वर्ष आहे. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्याचं ऑडिट चालू आहे. ३१ मार्चला एका पार्टीकडून ४,८०,००० रुपये येणं दिसतंय. लेजर आणि बिलांच्या प्रती जुळतात. कोणतं बिल किती दिवस थकलंय याचं एजिंग मी स्वतः पुन्हा काढलं, बेरीज पैशापर्यंत बरोबर आली. मालक म्हणाले, "जुनी पार्टी आहे, पैसे कुठे जात नाहीत." शिवाय पार्टीच्या लेटरहेडवर सहीशिक्क्याचं कन्फर्मेशन आहे, त्यातही ४,८०,०००च. क्लायंटच्या अकाउंटंटनी त्याची पीडीएफ मला मेल केली. बाहेरचा पुरावा आतल्यापेक्षा भक्कम, असं आम्हाला शिकवलंय. तरी सरांनी पत्र बाजूला ठेवलं आणि "पुन्हा विचार कर" एवढंच म्हणाले. माझं काय चुकतंय?

ताळेबंद७: स्वतः काढलेला आकडा सगळ्यात वरचा पुरावा. एजिंग तू स्वतः केलंयस ना? मग पत्राची गरजच काय? फार तर पार्टीला एक फोन लाव आणि विषय संपव.

जुनालेखापाल: ताळेबंद७, बेरजेपुरतं तुमचं खरं आहे. पण बिलांच्या तारखा आणि रकमा टॅलीत कोणी भरल्या? क्लायंटनीच. खोटं बिल असलं तरी एजिंगची बेरीज बरोबरच येणार. पुन्हा केलेल्या हिशोबातून हिशोब चुकलेला नाही एवढंच कळतं, त्यात घातलेले आकडे खरे आहेत का हे कळत नाही.

नवाआर्टिकल, तुझं पत्र नावाला बाहेरचं आहे, पण आलं आतून. पार्टी ते अकाउंटंट ते तू, हा त्याचा प्रवास. मधल्या टप्प्यावर आकडा बदलला किंवा लेटरहेडच बनवलं, तर तुला कळणार कसं? सत्यम प्रकरणात बँकांच्या कन्फर्मेशनवर ऑडिटर्सनी स्वतःचा ताबा ठेवला नाही, असा ठपका अमेरिकी नियामकाने २०११ मध्ये ठेवला होता. म्हणून पार्टीचा पत्ता किंवा मेल क्लायंटला न विचारता दुसरीकडून पडताळ, पत्र तुमच्या ऑफिसमधून पाठव आणि उत्तरही थेट ऑफिसलाच मागव. फोनवरचं उत्तर एसए ५०५ या ऑडिटच्या मानकाप्रमाणे कन्फर्मेशन धरत नाहीत, ते लेखी मागावं लागतं.

अजून एक. पार्टीने "हो, देणं आहे" म्हटलं तरी ती ते फेडेल, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी एप्रिल-मेचं बँक स्टेटमेंट बघ.

सोसायटीकाका: आमच्या सोसायटीतही हाच घोळ आहे. सेक्रेटरी एफडीची झेरॉक्स दाखवतात. १० लाख, एक वर्ष, ७ टक्के. हिशोबात व्याज ७०,००० धरलंय. ऑडिटरनी मान्य करावं का?

जुनालेखापाल: काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण उपयोगी आहे. व्याज तिमाही चक्रवाढ असेल तर वर्षाचं ७१,८५९ होतं. म्हणजे नुसत्या आकडेमोडीतूनच १,८५९ चा फरक सापडला. पण एफडी खरोखर आहे का आणि तिच्यावर कर्ज काढलंय का, हे झेरॉक्सवरून कळणार नाही. त्यासाठी मूळ पावती बघायची आणि बँकेकडून थेट पत्र मागवायचं.

नवाआर्टिकल: काल पुन्हा गेलो होतो. मे अखेरपर्यंत त्या पार्टीचे ३,१०,००० जमा झालेत. उरलेल्या १,७०,००० बद्दल अकाउंटंट म्हणाले, "येतील." परत येताना गोडाऊनमधल्या दादांशी सहज बोललो. ते म्हणाले, "त्यांचा एक लॉट मार्चमध्येच परत आला, खोके ओले होते." आवक रजिस्टरमध्ये २४ मार्चची नोंद सापडली. क्रेडिट नोट मात्र ६ एप्रिलची, १,७०,०००ची. तोंडी पुरावा सगळ्यात कच्चा ना? मग खरी गोष्ट त्यातूनच कशी कळली?

जुनालेखापाल: दादांच्या बोलण्याने तुला दिशा दिली, पुरावा रजिस्टरने दिला. तोंडी माहितीचं काम तेवढंच, पण ते फार मोलाचं. म्हणून नेहमी मालकाशीच नाही, माल हाताळणाऱ्यांशीही बोल. आणि ते रजिस्टर अकाउंट्सवाल्यांच्या हातात नसतं, गेटवर माल आला की लगेच भरलं जातं. म्हणून तो आतला कागद असूनही तुझ्या त्या "बाहेरच्या" पत्रापेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवीन. माल मार्चमध्ये परत आला असेल तर येणं ३,१०,०००च. विक्रीही तितकी कमी होईल, आणि परत आलेला माल साठ्यात कोणत्या किमतीला धरला तेही बघ.

ताळेबंद७: पण मग पार्टीने ४,८०,००० वर सही का केली?

नवाआर्टिकल: सरांनीही आधी हेच विचारलं. पार्टीने क्रेडिट नोट मिळेपर्यंत स्वतःच्या वहीत नोंद केली नसेल, किंवा पत्र तिचं नसेलच. जीएसटी पोर्टलवरून पत्ता पडताळून ऑफिसमधून पत्र पाठवलंय. नऊ दिवस झाले, उत्तर नाही. उद्या दुसरं पाठवतोय. तोवर ३,१०,००० साठी माल पोचल्याच्या सह्यांची चलनं काढून ठेवतो.