सर्टिफिकेट मागणं ठीक, पण शिफारसपत्र मागणं म्हणजे लाचारी का?

कुपवाडचा ट्रेनी: मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सहा आठवड्यांची इंटर्नशिप पुढच्या शनिवारी संपतेय. सर्टिफिकेट कॉलेजला द्यावंच लागतं. सोबत सुपरवायझरसाहेबांकडून चार ओळींची शिफारस मागावी म्हणतोय. घरचे म्हणतात, सहा आठवड्यांत कसली शिफारस, उगाच तोंड वेंगाडू नकोस. मागू का नको?

विश्रामबागवाला: घरचे बरोबर बोलतायत. माझं मिरजेत छोटं वर्कशॉप आहे. नोकरी मागायला येणाऱ्या पोरांच्या फायलीत ही पत्रं असतात आणि सगळ्यांत तेच लिहिलेलं असतं: मेहनती, प्रामाणिक, वर्तणूक चांगली. मी ते पान न वाचता उलटतो. ज्या कागदाला किंमत नाही त्यासाठी साहेबापुढं हात कशाला जोडायचे? सर्टिफिकेट घे, चहा पाज आणि ये.

साचेवाला काका: विश्रामबागवाले, ते पान मीही उलटलं असतं. पण त्या पत्रात तेच ते का येतं, हे बघा की. पोरगं एकाच अर्जात दोन्ही मागतं. अर्ज जातो ऑफिसात. तिथल्या माणसानं त्याला गेटवर सही करताना सोडलं तर कधी पाहिलेलं नसतं. मग जुनी फाईल उघडायची आणि नाव बदलायचं. सर्टिफिकेट कंपनीनं द्यायचं, शिफारस तुला काम करताना बघितलेल्या माणसानं. म्हणून मागायचंही वेगवेगळं, वेगवेगळ्या माणसांकडं.

मी बावीस वर्षं मोल्डिंगला आहे. दोन वर्षांमागं आमच्याकडं एक मुलगी सहा आठवड्यांसाठी आली होती. तिला रिजेक्शनच्या रजिस्टरवर बसवलं, म्हणजे रोज किती नग बाद झाले आणि कशानं, ते लिहायचं. चौथ्या आठवड्यात वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, ब्लो होलचे नग सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीतच जास्त दिसतायत." बघितलं तर खरंच. सुट्टीत वाळू सुकायची आणि पहिल्या पाळीचा माणूस अंदाजानं पाणी वाढवायचा. ओल जास्त झाली की ओतताना वाफ धरते आणि नगात भोकं पडतात. तेव्हापासून त्या पाळीत पहिला साचा भरायच्या आधी आम्ही ओल मोजतो.

जायच्या आठवडाभर आधी तिनं मला व्हॉट्सॲप केलं:

"काका, माझी इंटर्नशिप शनिवारी संपतेय. सर्टिफिकेटचा अर्ज ऑफिसात दिला आहे. तुम्हाला योग्य वाटलं तर माझ्या कामाबद्दल तीन-चार ओळी लिहून द्याल का? मी रिजेक्शनच्या नोंदी ठेवल्या आणि सुट्टीनंतरच्या पाळीचा फरक तुम्हाला दाखवला होता, एवढंच आठवण म्हणून. जमणार नसेल तर काहीच हरकत नाही."

मी काय लिहिलं? तिनं कोणतं रजिस्टर ठेवलं, त्यातून काय दाखवलं आणि आम्ही काय बदललं. शेवटी, नोंदी ठेवायच्या कामाला हिला बिनधास्त घ्या. मशीनवर तिचा हात कसा आहे ते लिहिलं नाही, कारण मी ते पाहिलंच नव्हतं. विश्रामबागवाले, हे पान उलटाल का?

विश्रामबागवाला: हे वाचीन. पण प्रत्येक पोराला ब्लो होल सापडत नाहीत, काका. बहुतेकांना सहा आठवडे झाडू आणि चहा.

साचेवाला काका: मग त्यानं मागू नये. मी कुठं म्हणालो सगळ्यांनी मागा?

साताऱ्याची माजी एचआर: ऑफिसच्या बाजूनं सांगते. शिफारस द्यायचा अधिकार सुपरवायझरला नसतोच. लेटरहेडवर जे जातं ते एचआरच्या सहीनं जातं. आम्ही तारखा आणि विभाग याच्यापलीकडे काही लिहायचो नाही, कारण पुढे कुणी फोन करून विचारलं तर उत्तर आम्हाला द्यावं लागतं. त्यामुळे काका, तुम्ही दिलंत ते नियमात बसत नव्हतं.

सर्टिफिकेटचं मात्र नीट कर, बाळा. अर्ज शनिवारी देऊ नकोस, आठवडाभर आधी दे. सही करणारे साहेब कितीदा जागेवर नसतात. नाव मार्कशीटवर आहे तसंच्या तसं, कॉलेजचा नोंदणी क्रमांक, विभाग, सुरू आणि संपल्याची तारीख अर्जात स्वतः लिही. सोमवारी सुरू करून सहाव्या शनिवारी संपलं तर मोजून 41 दिवस भरतात. एका कॉलेजनं "42 नाहीत" म्हणून कागद परत पाठवला होता. म्हणून तारखांसोबत "सहा आठवडे" हे शब्दही येऊ देत. हातात पडल्यावर जावक क्रमांक, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि शिक्का तिथंच उभं राहून तपास.

साचेवाला काका: ताई, लेटरहेड मी वापरलंच नव्हतं. साध्या कागदावर, माझं नाव, हुद्दा आणि "हे माझं वैयक्तिक मत आहे" असं लिहून दिलं. व्यवस्थापकांना आधी विचारलं होतं.

साताऱ्याची माजी एचआर: तसं असेल तर चालतं. तरी काही कंपन्या त्यालाही मनाई करतात. आधी विचारलंत हे बरं केलंत.

आयटीआय फिटर: एवढा घोळ कशाला? सर्टिफिकेट ऑनलाइन येतं की. माझं apprenticeshipindia.gov.in वरून आलं. परीक्षा दिली, पास झालो, डाउनलोड केलं.

साताऱ्याची माजी एचआर: दादा, तुमची ॲप्रेंटिसशिप होती, तिचा करार त्या पोर्टलवर नोंदलेला असतो. याची कॉलेजची इंटर्नशिप आहे. याचा कागद कंपनीनंच द्यायचा.

आयटीआय फिटर: अच्छा, मला दोन्ही एकच वाटलं.

पलूसची इंजिनिअर: माझं उलट झालं. गेल्या वर्षी एका कंपनीत आठ आठवडे केले, "नंतर मेल करतो" या शब्दावर घरी आले. तीन महिने मेल नाही. माझे सुपरवायझर नोकरी सोडून गेले आणि ऑफिसात माझी नोंदच सापडेना. शेवटी कॉलेजच्या पत्राची पोच, गेटपासचे फोटो आणि त्या सरांनी दर आठवड्याला सही केलेली डायरी नेऊन दाखवली तेव्हा कागद मिळाला. ट्रेनीभाऊ, डायरीवर सह्या घेतल्या नसतील तर उद्यापासून घे.

शिफारसीचं अजून एक. मी परदेशात एमएससाठी अर्ज केले. तिथे बऱ्याच विद्यापीठांना तुम्ही आणलेलं पत्र नकोच असतं. ते शिफारस करणाऱ्याच्या ऑफिसच्या ईमेलवर लिंक पाठवतात आणि पत्र तो थेट चढवतो, आपल्याला दिसतही नाही. तेव्हा सरांना विचारायचं ते पत्राचं नाही, तर "दोन वर्षांनी तुमचा मेल आयडी दिला तर चालेल का" हे. मी विचारलं नव्हतं. आता ते सर कुठे आहेत तेच माहीत नाही.

विश्रामबागवाला: याला कुठं परदेशी जायचंय? बरं, मागायचंच तर पत्र स्वतः टाईप करून ने. साहेबाला वेळ नसतो. सही घ्यायची, निघायचं.

साचेवाला काका: आयतं आणलेलं पत्र मी सही न करता परत दिलंय. मुद्दे आण, वाक्यं माझी मी लिहीन.

पलूसची इंजिनिअर: काका, तुम्ही लिहिता म्हणून. आमच्या सरांनी स्वतःच सांगितलं होतं, "तूच लिहून आण, मी बघतो."

साचेवाला काका: आणि बघितलं का त्यांनी?

पलूसची इंजिनिअर: ...नाही. तशीच सही केली.

कुपवाडचा ट्रेनी: सर्टिफिकेटचा अर्ज आज ऑफिसात दिला, पोचही घेतली. डायरीवर फक्त पहिल्या दोन आठवड्यांच्या सह्या आहेत, बाकीच्या उद्या मागतो. शिफारसीचं काकांचं वाचून वही काढून बसलो. चार आठवडे फेटलिंगला, म्हणजे ओतलेले नग साफ करायच्या कामाला होतो, ग्राइंडिंगनंतर नग मोजून ठेवायचो. त्यात साहेबांना दाखवण्यासारखं काय आहे, तेच शोधतोय. एका पॅटर्नच्या नगांवर फिन, म्हणजे साच्याच्या जोडावर येणारी जादा पातळ कड, जास्त येते असं वाटतंय, पण माझ्याकडे त्याचे दहाच दिवसांचे आकडे आहेत.

साचेवाला काका: अजून एक आठवडा आहे ना? उरलेल्या दिवसांचे आकडे लिही, मग साहेबांकडं जा. साच्याच्या दोन्ही पेट्या एकमेकींवर नीट बसतात का आणि त्यांच्या पिना झिजल्यात का, ते त्यांना बघायला सांग.