प्रतिसाद: बिलावरचा करडा रंग

> बिलिंग सॉफ्टवेअरचे रंग-फाँट घरच्या पोराला बदलू द्यावेत का?

द्या, पण छापून बघा. इतवारीतल्या आमच्या किराणा दुकानात आबांनी नातवाला मोकळीक दिली. त्यानं स्क्रीनवरचे आकडे मोठे केले, उधारी लाल केली. आबांना फार सोयीचं झालं. बिलावर मात्र त्यानं दर करड्या रंगात टाकले. थर्मल प्रिंटर कागद एकतर काळा करतो, नाहीतर कोरा सोडतो. करडा रंग म्हणजे नुसते विरळ ठिपके.

"काहून रे, हा ३ आहे का ८?" आबांनी बिल उजेडात धरून विचारलं.

पोरानं लगेच सगळं काळं केलं, सारख्या रुंदीच्या आकड्यांचा फाँट घेतला. रकमांचा रकानाही सरळ आला. आता काही बदललं की पहिलं बिल आबांच्या हातात.