प्रतिसाद: जुने संभाषण नव्या खिडकीत का आठवत नाही

«"नमस्कार, पुन्हा आलो! मागे ठरवलेले अभ्यासाचे वेळापत्रक पुढे नेऊ या," असे लिहिले, तर चॅटबॉटला काहीच आठवेना. मग जुने संवाद यादीत कसे दिसतात?»

यादीतील संवाद आपल्या खात्यात साठवलेले असतात. परंतु नवे संभाषण सुरू केल्यावर, स्मरणाची वेगळी सोय चालू नसेल तर, त्यांतील एकही ओळ मॉडेलकडे जात नाही आणि त्याला केवळ समोरच्या संभाषणातला मजकूर दिसतो. म्हणून यादीतले जुने संभाषण उघडून त्याच्याच तळाशी पुढचे लिहावे. "आठवत नाही" हे उत्तर मला प्रामाणिक वाटते. खरा धोका "हो, आठवते" म्हणत अंदाजाने रचलेल्या तपशिलांचा असतो. तशी शंका आल्यास, स्वतः काहीही न सुचवता, तिसऱ्या आठवड्यासाठी कोणता विषय ठरला होता, हे विचारून पाहावे.