मदत हवी आहे : प्रयोगशाळेतील जागेबद्दलच्या पहिल्या ईमेलचे कोरियन भाषांतर तपासून हवे आहे

पातळथर_कोल्हापूर :
नमस्कार. मी कोल्हापूर येथून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले असून सौर घटांसाठीच्या पातळ थरांवर प्रबंधिका लिहिली आहे. दक्षिण कोरियातील एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत जागा आहे का, हे विचारणारा ईमेल मी इंग्रजीत लिहिला आणि दीड वर्षाच्या कोरियन शिक्षणाच्या बळावर त्याचे भाषांतर केले. आमच्या शिकवणीतील एका मैत्रिणीने तो वाचून 'व्याकरण बरोबर आहे, पण पाठवू नकोस' एवढेच सांगितले; कारण मात्र तिला सांगता आले नाही. त्यातील तीन वाक्ये खाली देत आहे. नेमके काय खटकते आहे, हे कृपया सांगावे.

```
친애하는 ○○○ 교수님,
나는 당신의 실험실에서 위치를 찾고 있습니다.
당신의 답장을 기다리고 있겠습니다.
```

शिष्यवृत्तीधारक :
माझे स्वतःचे उदाहरण सांगतो. मी कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तीवर गेलो, तेव्हा पहिले वर्ष भाषेसाठीच राखून ठेवलेले होते आणि त्याच्या अखेरीस टोपिक परीक्षेची तिसरी पातळी गाठावी लागली. त्यामुळे आपण आधी परीक्षेचे पाहावे, ईमेलचे नंतर.

पातळथर_कोल्हापूर :
आभारी आहे, परंतु माझा प्रश्न शिष्यवृत्तीचा नसून फक्त या मजकुराचा आहे.

आदरार्थी :
यात अवघड काही नाही. क्रियापदांच्या शेवटी 'म्निदा' आपण लावलेच आहे, आता प्रत्येक क्रियापदात 'शि' हा आदराचा प्रत्यय घाला आणि 'मी'साठी 'नानुन'ऐवजी नम्र 'चॉनुन' लिहा. आपण मराठीत 'तू'चे 'आपण' करतो, तसेच हे आहे.

देजॉन_सहा_वर्षे :
'चॉनुन'बद्दलचे म्हणणे अगदी बरोबर आहे, पण प्रत्येक क्रियापदात 'शि' घालण्याचा सल्ला कृपया मानू नये. तो प्रत्यय ज्याला मान द्यायचा त्याच्याच क्रियेला लागतो. 'मी आपला शोधनिबंध वाचला' यातील वाचणारे आपण स्वतः आहात. तिथे 'शि' घातले तर 'मी स्वतः पधारलो' असे म्हटल्यासारखे होईल. शोधनिबंधाला तो लावला तर निबंधच पूज्य ठरेल. कोरियात दुकानदार गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी वस्तूंनाही असा मान देतात, आणि त्याची थट्टाही होते.

आता मूळ मजकुराकडे वळतो. सर्वांत जास्त खटकतो तो 'तांगशिन' हा शब्द. शब्दकोशात त्याचा अर्थ 'आपण' असा सापडतो, पण व्यवहारात तो नवरा-बायकोत, जाहिरातींत किंवा रस्त्यावरच्या भांडणात ऐकू येतो. प्राध्यापकांसाठी कोरियन भाषेत 'आपण' असे सर्वनाम नाहीच, असे समजून चालावे. जिथे जिथे ते लागेल तिथे 'ग्योसुनिम', म्हणजे 'प्राध्यापकसाहेब', हाच शब्द पुन्हा लिहायचा. समोर बसलेल्या सासूबाईंनाच 'आईंना चहा हवा आहे का?' असे विचारणारी पिढी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल.

दुसरा घोळ 'पोझिशन' या इंग्रजी शब्दाने केला आहे. आपण लिहिलेला 'विछी' हा शब्द नकाशावरचे ठिकाण सांगतो, म्हणजे आपण त्यांच्या प्रयोगशाळेत एखादी जागा शोधत फिरत आहात, असे चित्र उभे राहते. मुळात आपल्याला पीएच.डी.ला प्रवेश हवा आहे की पगारी नोकरी, हे त्या शब्दातून कळतच नाही. प्रयोगशाळेसाठी 'शिल्हॉमशिल' चूक नाही, पण त्यातून उपकरणांची खोली आधी डोळ्यांपुढे येते. प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी मिळून जो गट होतो त्याला 'यॉन्गुशिल' म्हणणे अधिक बरे. आणि 'डिअर'साठी घेतलेला 'छिनेहानुन' हा शब्द बरोबरीच्यांना किंवा लहानांना शोभतो. राष्ट्राध्यक्ष जनतेला उद्देशून तो वापरतात, विद्यार्थी प्राध्यापकांना नाही.

पातळथर_कोल्हापूर :
मला पीएच.डी.साठीच प्रवेश हवा आहे, पुढील मार्चच्या सत्रापासून. 'डिअर'च्या जागी 'आदरणीय' या अर्थाचा कोरियन शब्द चालेल का? आपल्याकडे 'रिस्पेक्टेड सर' लिहिल्याशिवाय अर्ज सुरूच होत नाही.

देजॉन_सहा_वर्षे :
चालतो, पण ज्यांना आपण कधी भेटलेलो नाही त्यांना तो लिहिला की पत्र एकाच वेळी पन्नास जणांना धाडल्याचा वास येतो. मी नुसते 'ग्योसुनिमके' लिहीन.

सोल_हून :
माझे मत येथे वेगळे आहे. माझ्या प्रयोगशाळेतील कोरियन मुलेही तो शब्द लिहितात आणि कोणी नाक मुरडलेले मी पाहिलेले नाही. प्राध्यापकांच्या वयावर ते बरेच अवलंबून असावे.

देजॉन_सहा_वर्षे :
असू शकेल. मी सुचवीत असलेला मजकूर असा आहे :

```
제목: [박사과정 지원 문의] ○○○ (인도)

○○○ 교수님께

안녕하십니까.
저는 인도 콜하푸르에서 물리학 석사과정을 마친 ○○○라고 합니다.
교수님께서 발표하신 박막 태양전지 논문을 읽고 관심을 갖게 되었습니다.
내년 3월 박사과정 신입생을 모집하실 계획이 있으신지 여쭙고자 메일 드립니다.
이력서를 첨부하였습니다.
바쁘신 중에 읽어 주셔서 감사합니다.

○○○ 올림
```

यात 'शि' कुठे आले आहे ते पाहावे : निबंध प्रसिद्ध करणारे ते, विद्यार्थी घेणारे ते, कामात असणारे तेही. आपल्या क्रिया मात्र खाली उतरल्या आहेत. साध्या 'विचारणे'च्या जागी मोठ्यांना विचारण्यासाठीचे 'यॉच्चुप्ता' आले आहे आणि ईमेल 'पाठवला' नसून 'अर्पण केला' आहे. 'योजना आहे का' येथे 'इस्सुशिन्जी'च हवे, 'ग्येशिन्जी' नको. दोन्ही 'असणे'चीच आदरार्थी रूपे आहेत, परंतु दुसरे माणसाच्या असण्यासाठी राखीव आहे. योजना प्राध्यापकांची असली तरी ती योजनाच. ही चूक चांगले शिकलेले लोकही करतात.

'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' मी गाळलेच आहे. 'मी वाट पाहत बसेन' असे लिहिले की उत्तराचा तगादा लावल्यासारखे वाटते. निबंधाच्या ओळीत मात्र आपण खरोखर वाचलेल्या निबंधाचे नाव घालावे. नावानंतरचे 'रागो' स्वरान्त नावांसाठी आहे. आपले नाव सचिनसारखे व्यंजनान्त असेल तर 'इरागो' लिहावे.

आदरार्थी :
'शि'बद्दल मी घाई केली, हे मान्य. पण शेवटी सहीच्या नावापुढे 'ओल्लिम' ऐवजी 'तुरिम' लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे.

देजॉन_सहा_वर्षे :
दोन्ही चालतात, 'ओल्लिम' एक पायरी अधिक नम्र.

सोल_हून :
एक वेगळी शंका मांडतो. इतका सफाईदार कोरियन ईमेल वाचून प्राध्यापक कोरियनमध्येच उत्तर देतील आणि मुलाखतही त्याच भाषेत ठेवतील. आमच्याकडे एका मुलाचे अगदी असेच झाले. दुसऱ्या प्रश्नाला तो गप्प बसला. मी असतो तर सरळ इंग्रजीत लिहिले असते.

पातळथर_कोल्हापूर :
ही भीती मलाही आहे, माझी टोपिकची पातळी दुसरीच आहे. कोरियन मजकुराखाली मूळ इंग्रजी मजकूर जोडून, माझे कोरियन अजून प्राथमिक असल्याचे एका वाक्यात सांगितले तर?

देजॉन_सहा_वर्षे :
तसे करावे, आणि ते वाक्य आपल्याच मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये असू द्यावे. ते मी तपासणार नाही.

सोल_हून :
तरीही मी इंग्रजीच्याच बाजूने आहे. असो.

पातळथर_कोल्हापूर :
सर्वांचे आभार. आज संध्याकाळी सातला पाठवतो.

देजॉन_सहा_वर्षे :
तेव्हा तिकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील. उद्या सकाळी सहाला उठून पाठवा.