मदत हवी आहे : रजेचा मेल दोनदा परत आला, डायरेक्टरना नक्की काय हवंय?

वैतागलेला_मॅनेजर
मंडळी पटकन सांगा, आजच मेल टाकायचाय. रजा टाकली तर डायरेक्टर म्हणाले टीमचं कव्हरेज पाठव, मग मी रात्री बसून अख्खी एक्सेल केली, प्रत्येकाचं नाव, त्याचं काम, बॅकअप कोण, सगळं. त्यावर एका ओळीचं उत्तर, 'हे नकोय, पेंडिंग काय आहे ते सांग.' आता कुठल्या फॉरमॅटमध्ये पाठवू? कोणाकडे तयार टेम्प्लेट आहे का?

झणझणीत
किती दिवसांची रजा? कधीपासून? टीम किती जणांची? काहीच लिहिलं नाहीयेस राव.

निवांत_काका
सिक लीव्ह असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, विषय संपला. सहसा कोणी अडवत नाही. शिल्लक रजेचे पैसे मिळतात का तेही एचआरला विचारून ठेवा.

वैतागलेला_मॅनेजर
काका आजारी नाहीये मी, घरचं कार्य आहे. १६ सोमवार ते २७ शुक्रवार. टीम नऊ जणांची. आणि रजा शिल्लक आहे, तो प्रश्नच नाही.

फाईलवाली
पेंडिंग काय आहे पण? डायरेक्टरनी तेच विचारलंय आणि तेच तुम्ही आम्हालाही सांगत नाही आहात. कामं नका सांगू, निर्णय सांगा. तुमच्या सहीशिवाय किंवा तुमच्या 'हो'शिवाय १६ ते २७ मध्ये काय काय अडेल?

वैतागलेला_मॅनेजर
तसं फार नाही. व्हेंडरचं रिन्यूअल, २४ ला रिलीज आहे त्याचं गो की नो-गो, आणि एका कँडिडेटची ऑफर. बाकी रोजचं माझी सीनियर बघेल.

झणझणीत
'तसं फार नाही' म्हणे 😂 रिलीज रजेत टाकून चाललाय!

फोनवरच_भेटू
एवढा विचार कशाला. मी दरवर्षी जातो, लिहितो 'फोनवर उपलब्ध असेन, लॅपटॉप सोबत आहे' आणि अर्ध्या तासात मंजूर. डायरेक्टरला तेवढंच हवं असतं.

फाईलवाली
मंजूर होते, पण मग ती रजा राहत नाही. आणि फोन लागला नाही तर काय हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणजे तो निर्णय पुन्हा डायरेक्टरच्याच टेबलावर जातो. तुमच्या एक्सेलमध्ये नेमकं तेच दिसत नव्हतं. नऊ माणसं काय करतात हे त्यांना माहितीये. आपल्या अंगावर काय येणार, कधी येणार, ते त्यांना बघायचंय.

वैमॅ, व्हेंडरचं काँट्रॅक्ट कधी संपतं? आणि नको असेल तर किती आधी कळवायचं असतं?

वैतागलेला_मॅनेजर
३० ला संपतं. म्हणजे मी आल्यावर बघता येईल ना.

फाईलवाली
काँट्रॅक्ट उघडून बघा. बहुतेक ठिकाणी एक कलम असतं, अमुक दिवस आधी लेखी नाही म्हटलं नाही तर आपोआप पुढचं वर्ष लागू. तुमची खरी तारीख ती.

वैतागलेला_मॅनेजर
बघितलं. १० दिवस आधी नोटीस. म्हणजे २०. बोंबला.

फाईलवाली
बोंबला कशाला, आता तर मेल सोपा झाला. तीनही गोष्टी वेगवेगळ्या हाताळा.

व्हेंडरचा निर्णय मागे ठेवायचाच नाही. सही तशीही डायरेक्टरचीच लागणार, मग तुमची शिफारस आजच द्या, ठेवायचा की सोडायचा आणि का, दोन ओळीत, आणि १२ पर्यंत सही मागा. १३ ला तुमचा शेवटचा दिवस, म्हणजे काही राहिलं तर एक दिवस हातात.

रिलीज सीनियरकडे द्या, पण 'ती बघेल' एवढ्यावर नको. निकष लिहून द्या. गंभीर बग एकही उघडा नाही आणि रोलबॅकची तालीम झालेली असेल तर गो, नाहीतर रिलीज एक आठवडा पुढे. मग ती नो-गो म्हणाली तरी कोणी तिला 'तू कोण' म्हणणार नाही, कारण निकष डायरेक्टरनी आधी पाहिलेले असतील.

ऑफरमध्ये पगाराची कमाल मर्यादा आधीच मंजूर करून घ्या. कँडिडेटने त्यात हो म्हटलं तर एचआर पुढे नेईल. वर मागितलं तर डायरेक्टरला विचारायचं की तुम्ही येईपर्यंत थांबायचं, हे त्यांच्याकडूनच आत्ता ठरवून घ्या.

आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहा, 'कोणीच काही केलं नाही तर काय होईल'. व्हेंडरच्या ओळीत येईल 'आपोआप एक वर्ष वाढेल'. मोठा साहेब तोच रकाना आधी वाचतो.

झणझणीत
त्या सीनियरला कोणी विचारलंय का पण? की मेलमध्ये नाव वाचूनच कळणार तिला?

वैतागलेला_मॅनेजर
टीममधलीच आहे, नाही कशाला म्हणेल.

झणझणीत
मी असाच 'बॅकअप' झालो होतो. मला कळलं तेव्हा सर गाडीत बसले होते. पोर्टलवर अप्रूव्हलचे अधिकार माझ्याकडे नव्हतेच, लोकांची बिलं तुंबली आणि शिव्या मला.

फाईलवाली
हे महत्त्वाचं आहे. आधी तिच्याशी बोला, त्या तारखांना ती स्वतः आहे ना तेही बघा. मग पोर्टलवर डेलिगेट म्हणून तिचं नाव लावा, १६ ते २७ तारखा टाकून, आणि १३ च्या आत एक बिल तिच्याकडे जातंय का हे करून बघा. तिची अप्रूव्हल लिमिट तुमच्यापेक्षा कमी असेल तर वरच्या रकमा डायरेक्टरकडे जातील, आणि तिची स्वतःची बिलंही, कारण स्वतःचं बिल स्वतःला पास करता येत नाही. दोन्ही मेलमध्ये सांगून टाका, नंतर कळलं की चिडतात.

फोनवरच_भेटू
एवढं मोठं निबंध कोण वाचणार? माझे डायरेक्टर तिसऱ्या ओळीनंतर वाचत नाहीत.

फाईलवाली
म्हणून तारखा आणि मागणी पहिल्या ओळीत, त्याखाली हे तीन. एक्सेल जोडायचीच नाही. आणि फोनचं म्हणाल तर ठेवा, पण फक्त रिलीज कोसळलं तर, आणि फोन फक्त सीनियरने करायचा, नऊ जणांनी नाही.

फोनवरच_भेटू
म्हणजे शेवटी फोनच ना 😄

निवांत_काका
मधले शनिवार-रविवार रजेत धरतात का हो? आमच्याकडे धरायचे.

वैतागलेला_मॅनेजर
बरं असा पाठवतोय, बघा :

'सर, १६ ते २७ रजा हवी आहे. तीन निर्णय या काळात येतात.
व्हेंडर : नोटीसची शेवटची तारीख २०, माझी शिफारस सोडण्याची, कारणं खाली. १२ पर्यंत तुमची सही हवी, नाहीतर एक वर्ष आपोआप वाढेल.
रिलीज २४ : निर्णय सीनियरचा, निकष खाली, तिच्याशी बोललोय. निकष पूर्ण नसतील तर एक आठवडा पुढे.
ऑफर : कमाल आकडा खाली, तेवढा मंजूर करावा. त्याच्या वर गेल्यास तुम्हाला विचारायचं की थांबायचं ते सांगा. कोणीच उत्तर दिलं नाही तर कँडिडेट दुसरीकडे जाईल.
बिलं : डेलिगेट सीनियर. तिच्या लिमिटच्या वरची आणि तिची स्वतःची तुमच्याकडे येतील.'

झणझणीत
खरंच बोललास?

वैतागलेला_मॅनेजर
हो रे बाबा. तीच म्हणाली रोलबॅकची तालीम १९ ला लाव, नाहीतर ऐनवेळी सुधारायला दिवसच उरत नाही. तेही टाकलं निकषांत.

वैतागलेला_मॅनेजर
उत्तर आलं. 'व्हेंडर ओके. ऑफर थांबव. रिलीजचं उद्या बोलू.' म्हणजे रजा मंजूर झाली की नाही?

फाईलवाली
नाही. उद्या रिलीजवर बोलताना तिला सोबत घेऊन जा, आणि तिथेच पोर्टलवर मंजूर करायला सांगा. तोवर तिकिटं काढू नका.

फोनवरच_भेटू
मी तर आधी तिकिटंच काढतो.